अनुभव धागा: एकाच कंपनीत दोन जागांसाठी अर्ज, पत्र एक की दोन?

शर्वरी

एकाच कंपनीत दोन जागा निघाल्या आणि दोन्ही आपल्याला जमण्यासारख्या असल्या, तर अर्जासोबतचं पत्र एकच लिहावं की प्रत्येक जागेला वेगळं? यावर ठाम मतं पुष्कळ मिळतात, पण पत्र पाठवल्यावर पुढे त्याचं काय होतं हे क्वचितच कुणी सांगतं. इथे भरतीचं काम करणारे आहेत, खात्याचे प्रमुख म्हणून मुलाखती घेणारे आहेत, परदेशात अर्ज करणारेही आहेत. तुमच्या बाजूने जे दिसतं ते लिहा. नुसतं 'एक पाठवा' किंवा 'दोन पाठवा' नको, कारणासकट हवं.

हाताशी एक उदाहरण असलं की बोलणं सोपं जातं, म्हणून माझ्या भाच्याचं घेते. मेकॅनिकल बीई. भोसरीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात चार वर्षं, त्यातली पहिली अडीच इन्स्पेक्शनला आणि नंतरची दीड प्लॅनिंगला. आता चाकणच्या एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत दोन जागा आहेत: क्वालिटी इंजिनियर आणि पीपीसी, म्हणजे उत्पादनाच्या प्लॅनिंगचा इंजिनियर. कंपनीच्या साइटवर दोन्हींना वेगळा जॉब नंबर आहे, QA-214 आणि PP-087 समजा. जाहिरातीत मात्र खाली एचआरचा एकच मेल आयडी दिलाय. म्हणजे दोन्ही वाटा उघड्या आहेत.

निनाद_के

यात एवढा विचार करण्यासारखं काही नाही. आजकाल सगळ्या भरतीच्या सिस्टिम मेल आयडीवरून माणूस ओळखतात. दोन अर्ज केले तरी प्रोफाइल एकच तयार होतं आणि रिक्रूटरला स्क्रीनवर दोन्ही दिसतात. मग दुसरं पत्र लिहून काय मिळणार? एकच चांगलं पत्र लिहा, दोन्ही जागांची नावं टाका, दोन्हीकडे तेच अपलोड करा.

टेबलापलीकडून

निनाद, पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. प्रोफाइल एकच असतं, पण अर्ज दोन राहतात आणि जोडलेल्या फाइली त्या त्या अर्जाला लटकलेल्या असतात. ग्रीनहाउस घ्या की वर्कडे, रचना ढोबळमानाने अशीच आहे. माणूस एक, त्याच्याखाली QA-214 चा एक अर्ज, PP-087 चा एक. प्रत्येकाची अवस्था वेगळी चालते. एक 'नाकारला' झाला तरी दुसरा आपोआप बंद होत नाही.

आता उघडून कोण बघतं ते बघा. रिक्रूटरला दोन्ही दिसतात, खरंय. पण खात्याच्या प्रमुखाला बहुतेक ठिकाणी फक्त त्याच्या जागेचे अर्ज दिसतात. प्लॅनिंगच्या मॅनेजरने PP-087 उघडलं आणि पत्राचा अर्धा भाग पीपीएपी, गेज आणि ग्राहकाच्या तक्रारींबद्दल निघाला, तर तो पुढचा अर्धा भाग वाचेलच असं नाही. त्याच्या समोर त्या दिवशी साठ-सत्तर बायोडेटे असतात.

म्हणून माझा हिशोब असा: जागा किती हे मोजू नका, वाचणारे किती ते मोजा. दोन्ही जागा एकाच मॅनेजरखाली असतील, उदाहरणार्थ क्वालिटी इंजिनियर आणि सिनियर क्वालिटी इंजिनियर, तर वाचणारा एक. तिथे दोन पत्रं पाठवली तर तो ती शेजारी शेजारी ठेवतो आणि त्याला नव्वद टक्के मजकूर सारखा दिसतो. अशा वेळी एकच पत्र, विषयात दोन्ही नंबर. शर्वरीच्या भाच्याचं तसं नाही. क्वालिटी आणि प्लॅनिंग यांचे प्रमुख वेगळे, आणि बऱ्याच कारखान्यांत या दोघांचं रोजचं भांडण असतं, एकाला माल अडवायचा असतो आणि दुसऱ्याला पाठवायचा. तिथे पत्रं दोनच.

वाचणारे किती हे कसं कळणार, असं कुणी विचारेल. जाहिरातीत 'रिपोर्टिंग टू' असेल तर तिथेच उत्तर आहे. नसेल तर दोन्ही जाहिरातींतल्या कामाच्या यादीतल्या पहिल्या चार-पाच ओळी समोरासमोर ठेवा. तीन ओळी जुळल्या तर खातं एक धरून चाला. एकही जुळली नाही तर दोन.

पाटीलकाका_सांगली

दोन अर्ज करण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रेल्वे भरतीच्या नोटिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतं की एकाच जाहिरातीसाठी एकापेक्षा जास्त आरआरबीकडे फॉर्म भरला तर सगळे अर्ज बाद. एकच फॉर्म भरायचा आणि त्यातच पदांचा पसंतीक्रम द्यायचा. मुलं हे वाचत नाहीत आणि वर्ष वाया घालवतात. शर्वरीताई, भाच्याला एकच फॉर्म भरायला सांगा.

शर्वरी

काका, रेल्वेचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, पण तिथे पत्र नसतंच, परीक्षा असते आणि पसंतीक्रमाचा रकाना असतो. इथे खाजगी कंपनी आहे, पसंती सांगायला रकाना नाही, म्हणून तर पत्राचा प्रश्न आला.

टेबलापलीकडून

काकांच्या बोलण्यातला एक धागा मात्र इथेही लागू आहे: अर्जांच्या संख्येवर मर्यादा असू शकते. गूगलमध्ये 30 दिवसांच्या अवधीत तीनच अर्ज करता येतात. इतर काही कंपन्यांच्या साइटवरही असा आकडा असतो, तो अर्जाच्या पानावर किंवा प्रश्नोत्तरांत लिहिलेला सापडतो. दोन अर्जांनी कुणी अडत नाही. पण त्याच कंपनीत आधी एक-दोन सहज म्हणून टाकलेले असतील तर ते मोजले जातात.

दुसरं, दोन मेल आयडी वापरून दोन वेगळी माणसं असल्यासारखे अर्ज करू नका. मोबाइल नंबर जुळतो, बायोडेटा जुळतो, आणि सिस्टिम 'डुप्लिकेट असू शकतो' अशी खूण करते. मग रिक्रूटर दोन्ही उघडून ताडून बघतो, आणि त्या नजरेने बघितलं जाणं उमेदवाराच्या फायद्याचं नसतं.

क्वालिटीवाला

माझ्याकडे क्वालिटी खातं आहे, त्यामुळे QA-214 सारख्या जागेचं पत्र मी कसं वाचतो ते लिहितो. पत्राचा मजकूर प्रत्यक्षात इंग्रजीत जाईल, इथे बोलायच्या सोयीसाठी मराठीत.

दोन पत्रं म्हटली की लोक वेगवेगळ्या दोन कहाण्या शोधायला लागतात. त्याची गरज नसते. उलट एकच काम दोन बाजूंनी सांगता आलं तर दोन्ही पत्रं जास्त खरी वाटतात, आणि बायोडेट्यात ती घटना एकदाच असल्यामुळे कुठे विसंगतीही येत नाही. नमुन्यासाठी एक घेऊ.

समजा सीएनसीवर एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, होतो. ग्राहकाकडून तक्रार आली की काही नगांचा बोअर लहान येतोय. इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलता येणारं कापणारं टोक, 250 नगांनंतर बदलायची पद्धत होती. मोजमापं लावून बघितली तेव्हा दिसलं की 200 च्या आसपास धार झिजल्यामुळे बोअर खालच्या मर्यादेकडे सरकायला लागतो. इन्सर्ट 180 वर बदलायचं ठरलं आणि तक्रार थांबली.

क्वालिटीच्या पत्रात हे असं यावं:

'बोअर लहान येण्याच्या तक्रारीवर एट-डी मी हाताळला. सलग 300 नगांची मोजमापं क्रमाने लावल्यावर 200 नगांनंतरचा कल दिसला. इन्सर्ट बदलण्याची मर्यादा 250 वरून 180 वर आणली, कंट्रोल प्लॅनमध्ये ती नोंदवली आणि पुढच्या तीन डिस्पॅचमध्ये तपासणी दुप्पट ठेवून खात्री केली.'

इथे मी काय बघतो? मोजमापं क्रमाने लावली हे. सरमिसळ करून सरासरी काढली असती तर कल दिसलाच नसता. आणि कंट्रोल प्लॅनमध्ये नोंद केली हे, कारण आयएटीएफ 16949 च्या ऑडिटमध्ये तेच विचारतात. 'क्वालिटीची आवड आहे' या वाक्याला काहीच वजन नाही. उमेदवाराने 'झीज झाल्यामुळे बोअर मोठा येत होता' असं लिहिलं तर मी तिथेच थांबतो, कारण बोअरिंगमध्ये टोक झिजलं की भोक लहान होतं, मोठं नाही.

आता हीच गोष्ट प्लॅनिंगच्या बाजूने. 250 वरून 180 वर आलं की तेवढ्याच नगांना इन्सर्ट जवळपास 40 टक्के जास्त लागतात. ते आधी मागवले नाहीत तर महिन्याच्या शेवटी मशीन इन्सर्टअभावी उभं राहतं. शिवाय प्रत्येक बदलाला मशीन थांबतं, पहिला नग तपासावा लागतो, धरा 12 मिनिटं. शिफ्टला 300 नग निघत असतील तर पूर्वी सरासरी सव्वा बदल व्हायचा, आता पावणेदोनच्या जवळ. म्हणजे शिफ्टला साधारण पाच-सहा मिनिटं गेली, तीन शिफ्टला पाव तासापेक्षा थोडं जास्त. हा तोटा लहान आहे, पण तो कुणीतरी धरायला हवा. PP-087 च्या पत्रात मग असं:

'इन्सर्ट बदलण्याची मर्यादा 180 वर आल्यावर इन्सर्टची महिन्याची गरज मी नव्याने काढली आणि सॅपमधली रिऑर्डर पातळी त्याप्रमाणे वाढवली. रोजचा सुमारे 15 मिनिटांचा थांबा क्षमतेच्या हिशोबात धरून आठवड्याचं शेड्यूल बदललं. ग्राहकाच्या डिस्पॅचची एकही तारीख हलली नाही.'

घटना तीच. एका पत्रात कारण शोधणं आलं, दुसऱ्यात त्या कारणाचा कारखान्यावर पडलेला भार. भाच्याने दोन्ही कामं केलेली असल्यामुळे हे त्याला सहज लिहिता येईल. ज्याने एकच बाजू बघितली असेल त्याने दुसऱ्या बाजूचं पत्र ओढूनताणून लिहू नये, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

शर्वरी

हे अगदी असंच हवं होतं. त्याच्याकडे अशी एक खरी घटना आहे, एका फ्लँजच्या रनआउटची, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो त्याची. ती याच पद्धतीने मांडायला सांगते.

पण दोन्ही पत्रांत दुसऱ्या अर्जाचा उल्लेख करायचा का?

टेबलापलीकडून

करायचा. एकच वाक्य, शेवटच्या परिच्छेदात. 'याच कंपनीतल्या PP-087 या जागेसाठीही मी अर्ज केला आहे, कारण माझ्या चार वर्षांतली दीड वर्षं मी प्लॅनिंगला होतो.' बस. मॅनेजरला पुढे दुसरीकडून कळलं तर 'आम्हाला सांगितलं का नाही' हा प्रश्न उरतो. आधीच कळलं तर तो बहुतेक वेळा दुसऱ्या मॅनेजरला फोन करतो आणि दोघं एकाच दिवशी मुलाखत ठेवतात. चाकणला भोसरीहून दोनदा रजा काढून जाण्यापेक्षा ते बरं.

उल्लेखाला कारण जोडा, माफी जोडू नका. 'कृपया गैरसमज नसावा' वगैरे लिहिलं की नसलेला गैरसमज तयार होतो.

आणि दोन्हीकडे जे सारखंच असायला हवं ते तपासा: सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड, नोकरीच्या तारखा. क्वालिटीला अपेक्षा साडेसहा लाख आणि प्लॅनिंगला साडेसात लाख असं टाकलेले अर्ज येतात. रिक्रूटरच्या स्क्रीनवर हे दोन आकडे एकाखाली एक दिसतात. कामाची जबाबदारी खरोखरच वेगळ्या पातळीची असेल तर आकडा वेगळा असू शकतो, पण मग तो फोनवर समजावून सांगायची तयारी ठेवा.

समीर_ठाणे

उल्लेख करा हे मान्य, पण पसंती सांगू नका. 'माझी पहिली पसंती क्वालिटी' असं लिहिलं की प्लॅनिंगवाल्याने तुमचा अर्ज पुढे का न्यावा? त्याला ट्रेनिंग देऊन सहा महिन्यांनी क्वालिटीत बदली मागणारा माणूस नको असतो. दोन्ही पत्रांत दोन्ही जागा समान ठेवा.

क्वालिटीवाला

मला उलट वाटतं. पसंती लिहिलेली नसली की मी ती मुलाखतीत विचारतोच, आणि बरेच उमेदवार तिथे चाचपडतात. लिहिलेली असली तर निदान विचार केलाय हे दिसतं. पण पसंती लिहायची तर फक्त त्याच जागेच्या पत्रात लिहा. प्लॅनिंगच्या पत्रात 'पहिली पसंती क्वालिटी' लिहिण्याचं काहीच कारण नाही. तिथे जास्तीत जास्त 'दोन्हींपैकी जिथे गरज आधी असेल तिथे' एवढं.

समीर_ठाणे

म्हणजे एकाला सांगायचं आणि दुसऱ्याला नाही. दोघं जेवायला एकाच टेबलावर बसतात साहेब. मी माझ्या मतावर ठाम आहे, पसंती फोनवर विचारली तर सांगावी, लिहून देऊ नये.

टेबलापलीकडून

यात दोन्ही बाजू चालताना दिसतात. एक गोष्ट मात्र पक्की: दोन्ही पत्रांत 'हीच माझी पहिली पसंती' असं लिहू नका. नमुना पत्र कॉपी करताना हे वाक्य तसंच राहून जातं आणि रिक्रूटर ते सगळ्यात आधी पकडतो.

नीलम

माझी परिस्थिती थोडी वेगळी आहे, इथेच विचारते. एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीने माझा बायोडेटा एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी पाठवलाय. आता त्याच कंपनीच्या साइटवर एमआयएसची जागा दिसतेय आणि ती मला जास्त आवडली. कन्सल्टन्सीला न सांगता मी थेट अर्ज केला तर चालेल का? पत्रात अकाउंट्सचा उल्लेख करू का?

टेबलापलीकडून

नीलमताई, इथे पत्रापेक्षा कन्सल्टन्सीचा करार मोठा आहे. आपल्याकडे कन्सल्टन्सीची फी बऱ्याचदा वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के असते, म्हणजे एक महिन्याचा पगार, आणि ती कंपनी भरते. करारात सहसा असं असतं की अमुक महिन्यांत त्यांनी पाठवलेला उमेदवार कुठल्याही जागेवर घेतला तरी फी द्यावी लागेल. तुम्ही थेट अर्ज केलात तर कंपनीच्या सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे आधीच कन्सल्टन्सीचं नाव असतं. मग फी कुणाची यावर वाद होतो, आणि वाद मिटेपर्यंत तुमचा अर्ज पडून राहतो.

आधी कन्सल्टन्सीला मेल करा: 'याच कंपनीत एमआयएसची जागा आहे, माझा बायोडेटा त्यासाठीही पाठवाल का?' मेलच करा, फोन नको, म्हणजे तारीख राहते. त्यांनी हो म्हटलं तर त्यांच्याकडे एमआयएसचं वेगळं पत्र द्या. त्या कामाची ते भरती करत नाहीत असं त्यांनी लिहून दिलं, तर थेट अर्ज करा आणि पत्रात एका वाक्यात सांगा की अकाउंट्सच्या जागेसाठी तुमचं नाव कन्सल्टन्सीमार्फत आधीच आलेलं आहे.

नीलम

मेल केला. बघू काय उत्तर येतंय. धन्यवाद.

रेफरल_रमा

ओळखीतून रेफरल मिळणार असेल तर क्रम लक्षात ठेवा. अनेक कंपन्यांत उमेदवाराने आधी स्वतः अर्ज केला की त्या जागेसाठी नंतर टाकलेलं रेफरल धरत नाहीत. म्हणजे दोन जागांपैकी एका जागेला ओळखीचा माणूस रेफर करणार असेल तर त्याने आधी टाकू दे, त्याच्या लिंकवरून तुम्ही अर्ज भरा, मग दुसऱ्या जागेचा अर्ज स्वतः करा. आणि त्या ओळखीच्या माणसाला दुसऱ्या अर्जाबद्दल सांगून ठेवा. त्याला खात्यातून विचारणा होते तेव्हा तो गोंधळायला नको.

म्युनिकची_मुग्धा

जर्मनीचं थोडं. इथे अर्जाचं पत्र, आन्श्राइबेन, अजूनही बऱ्याच ठिकाणी नीट वाचतात, विशेषतः मध्यम आकाराच्या कंपन्यांत. एक पान, त्याच्यावर नाही. वर विषयाची ओळ असते आणि जाहिरातीतला संदर्भ क्रमांक, म्हणजे केनत्सिफर किंवा रेफरेन्त्सनुमर, तिथेच येतो. दोन जागा एकाच विभागातल्या आणि सारख्या असतील तर विषयाच्या ओळीत दोन्ही क्रमांक देऊन एक पत्र चालतं. विभाग वेगळे असतील तर दोन पत्रं, आणि प्रत्येकात दुसऱ्या अर्जाचा उल्लेख.

इकडे नव्याने आलेल्या आपल्या मुलांचं चुकतं ते असं: पत्र एकच, आणि विषयात 'आपल्या कंपनीतील योग्य त्या पदासाठी'. त्याला इथे इनिशियाटिव्हबेवेर्बुंग म्हणतात, म्हणजे जागा निघालेली नसताना स्वतःहून केलेला अर्ज, आणि तो वेगळ्या ढिगात जातो. दोन निश्चित जागांसाठी अर्ज करायचा असेल तर क्रमांक लिहाच.

जाहिरातीत संपर्काचं नाव असतं. दोन्ही जागांना नाव वेगळं असेल तर वाचणारे दोन, हे तिथेच कळतं. टेबलापलीकडून यांनी सांगितलेली खूण इथे आयतीच मिळते.

निनाद_के

साइटवरून अर्जाचं पटलं, मागे घेतो. पण मेलचं काय? शर्वरीच्या उदाहरणात मेल आयडी एकच आहे. मेलवर वाचणारा एकच एचआर, म्हणजे तुमच्याच नियमाने पत्र एक.

टेबलापलीकडून

चांगला मुद्दा आहे. पण मेल उघडणारा आणि पत्र वाचणारा यात फरक आहे. कारखान्यातला एचआर मेल उघडतो, बायोडेटा आपल्या फोल्डरमध्ये उतरवतो आणि तिथून खात्याला पुढे पाठवतो. मेलच्या आत लिहिलेला मजकूर बऱ्याचदा मागेच राहतो, फाइल तेवढी पुढे जाते. म्हणून दोन वेगळे मेलही नकोत आणि मेलमध्येच लिहिलेलं एक लांब पत्रही नको. मेल एक, आत चार ओळी, आणि दोन पत्रं वेगळ्या पीडीएफमध्ये, प्रत्येक पीडीएफमध्ये आधी पत्र आणि त्यालाच जोडून बायोडेटा. मग एचआरने कुठलीही फाइल कुणालाही पाठवली तरी त्यात पूर्ण अर्ज असतो.

विषय आणि फाइलींची नावं अशी:

```
Subject: QA-214 Quality Engineer and PP-087 PPC Engineer - application

QA-214_Surname_Firstname.pdf
PP-087_Surname_Firstname.pdf
```

नंबर आधी, नाव नंतर. फोल्डरमध्ये फाइली नावाच्या क्रमाने लागतात, त्यामुळे प्रत्येक अर्ज आपोआप त्या जागेच्या इतर अर्जांजवळ जाऊन बसतो. 'Resume_final_new' नावाची फाइल कुठे हरवली हे एचआरलाही सापडत नाही. दोन्ही फाइली मिळून 2 एमबीच्या आत ठेवा.

मेलच्या चार ओळींत काय: दोन्ही जागांची नावं आणि नंबर, एका वाक्यात दोन्हींचा संबंध, नोटीस पिरियड, मोबाइल नंबर. बाकी सगळं पीडीएफमध्ये.

आणि साइट आणि मेल दोन्ही वाटा असल्या तर साइटवरूनच करा. मेल त्यानंतर, फक्त अर्ज केल्याचं कळवण्यापुरता. दोन्हीकडून पूर्ण अर्ज गेला की एचआरला एकाच माणसाच्या चार नोंदी मिळतात.

भोसरी_एमआयडीसी

आमच्यासारख्या चाळीस माणसांच्या कारखान्यात हे सगळं लागू नाही. इथे क्वालिटीचा अर्ज आणि प्लॅनिंगचा अर्ज दोन्ही मालकच उघडतो, तेही व्हॉट्सॲपवर. दोन पत्रं आली तर मालक विचारतो, हा माणूस नक्की काय करणार? लहान ठिकाणी दोन्ही कामं करणारा एक माणूस हवाच असतो. तिथे एकच पत्र लिहा आणि सरळ म्हणा की इन्स्पेक्शन आणि प्लॅनिंग दोन्ही सांभाळलंय, गरज पडली तर दोन्ही बघेन. पगाराची बोलणी मग त्या हिशोबाने करा, एका माणसाच्या पगारात दोन माणसांचं काम गळ्यात पडू देऊ नका.

शर्वरी

भाच्याने अजून एक विचारलंय. दोन्ही अर्ज एकाच दिवशी करायचे की मध्ये काही दिवस सोडायचे?

समीर_ठाणे

मध्ये आठवडा सोडा. एकाच दिवशी पाच मिनिटांच्या अंतराने दोन अर्ज गेले की सरसकट टाकल्यासारखं दिसतं.

टेबलापलीकडून

मी एकाच दिवशी म्हणेन. पत्रात दुसऱ्या जागेचा उल्लेख केलाय आणि तो अर्ज सिस्टिममध्ये नाहीच, असं एक आठवडा दिसलं तर ते जास्त विचित्र. शिवाय जागा कधी बंद होईल सांगता येत नाही.

मात्र वेळेचा खरा प्रश्न दुसरीकडे आहे. काही कंपन्यांत मुलाखतीत नाकारलं की तीन किंवा सहा महिने पुन्हा विचार करत नाहीत, कूलिंग पिरियड म्हणतात त्याला. नुसता बायोडेटा बाजूला ठेवला तर तो सहसा लागत नाही, मुलाखत झाली तर लागतो. तो त्या जागेपुरता की सगळ्या कंपनीपुरता, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. म्हणून पहिला फोन आला की तिथेच विचारून घ्यावं: 'दुसऱ्या जागेचा माझा अर्ज चालू आहे, या मुलाखतीच्या निकालाचा त्यावर परिणाम होतो का?' रिक्रूटरला हा प्रश्न खटकत नाही, त्याला उत्तर माहीत असतं. परिणाम होतो म्हणाला तर ज्या कामाची तयारी जास्त पक्की आहे तीच मुलाखत आधी मागा.

क्वालिटीवाला

भाच्याच्या बाबतीत ती क्वालिटीची असावी असं मला वाटतं. अडीच वर्षं तिकडे आहेत, आणि रनआउटची घटनाही त्याच काळातली दिसते. पण त्याला विचारा, डायल न बघता, फ्लँज कुठल्या दोन पृष्ठांवर धरून रनआउट मोजला हे त्याला झोपेतही सांगता येतं का. येत असेल तर QA-214 आधी.

शर्वरी

विचारलं. बोअरमध्ये मँड्रेल घालून मागच्या फेसला टेकवून मोजला म्हणतोय, आणि आधी बाहेरच्या व्यासावर धरून मोजायचे म्हणून तक्रार सापडत नव्हती, असंही.

क्वालिटीवाला

मग हे शेवटचं वाक्यच QA-214 च्या पत्राची पहिली ओळ करा. प्लॅनिंगच्या पत्रात मात्र ते नको. तिथे या घटनेमुळे किती नग पुन्हा तपासावे लागले आणि तेवढे दिवस डिस्पॅच कसं सांभाळलं, ते लिहायला सांगा.